चमच्यावरून न ओघळणारी खिचडी

आठ महिन्यांची मुलगी, मांडीवर घेऊन बसलेली आई आणि शेजारी आजी. दोघी माझ्याकडे आल्या त्या भांडण सोडवून घ्यायला. आईचं म्हणणं, मुलीला बाजारातलं डब्यातलं सिरीयल द्यावं, त्यात सगळी जीवनसत्त्वं असतात. आजीचं म्हणणं, आमची सहा पोरं मुगाच्या खिचडीवर वाढली, पावडरी खाऊन कुणी मोठं झालं नाही. मी बाळांच्या आहाराचं काम करते, त्यामुळे हा वाद महिन्यातून चार वेळा तरी माझ्यासमोर येतो. सहसा दोघींपैकी एक जण माझ्या तोंडून आपल्या बाजूचा निकाल ऐकायला आलेली असते.

मी आधी मुलीचं कार्ड पाहिलं. सहाव्या महिन्यात वजन ६.९ किलो, आठव्यात ७.१. म्हणजे दोन महिन्यांत फक्त २०० ग्रॅम. वाढीच्या तक्त्यावर मधल्या रेषेने चालणाऱ्या मुलीचं वजन या दोन महिन्यांत साधारण ६०० ग्रॅम वाढतं. डॉक्टरांनी रक्त तपासलं होतं, हिमोग्लोबिन ९.२. अंगावरचं दूध चालू होतं, जुलाब नव्हते, ताप नव्हता. मग अडलं कुठे?

आजींनी दुपारचं जेवण सोबत आणलं होतं. स्टीलच्या छोट्या डब्यात खिचडी. मी चमचा बुडवून तिरका केला, तर सगळं धारेने खाली आलं. चमच्यावर पाच-सहा शितं तेवढी उरली. "गाळून आणलीय," आजी म्हणाल्या, "घट्ट दिलं की बाळाच्या घशात अडकतं." मग आईला विचारलं, पावडर कशी देता? ती जरा घुटमळली. ३०० ग्रॅमचा डबा अडीचशे-तीनशे रुपयांच्या घरात पडतो, तो महिनाभर पुरवायचा. म्हणून रोज दोन चमचे पावडर बाटलीत टाकून पाणी घालून हलवायची, आणि बाटलीच्या बुचाला मोठं भोक पाडलेलं. दोघी आठवडाभर एकमेकींशी भांडत होत्या आणि दोघी मुलीला पाणीच पाजत होत्या.

डबा विरुद्ध खिचडी हा वाद आपल्याकडे चुकीच्या जागी लढला जातो, असं मला वाटतं ते यामुळे. मी स्वतः खिचडीच्या बाजूची आहे. पण आपल्या बहुतेक घरांत बाळासाठी जी खिचडी शिजते, तिची वकिली मला करता येणार नाही. आणि डब्याकडे एक गोष्ट अशी आहे जी आपल्या खिचडीत नाही. ती मान्य न करता घरच्या अन्नाचे गोडवे गाणाऱ्यांचाही मला राग येतो, कारण त्याची किंमत बाळ मोजतं.

आधी पाण्याचा हिशोब करू. सहा ते आठ महिन्यांच्या, अंगावर पिणाऱ्या बाळाला दुधाशिवाय वरच्या अन्नातून दिवसाला सुमारे २०० कॅलरी लागतात. नऊ ते अकरा महिन्यांत ३००, वर्षानंतर साडेपाचशे. दोनशे हा आकडा लहान दिसतो, पण बाळाचं पोटही लहान असतं. दर किलो वजनामागे एका वेळी साधारण ३० मिलिलिटर मावतं, म्हणजे सात किलोच्या बाळाला जास्तीत जास्त २१० मिलिलिटर, आणि प्रत्यक्षात ते त्याच्या निम्म्यावर तोंड फिरवतं. त्यामुळे बाळाला किती वाट्या दिल्या यापेक्षा वाटीत काय भरलंय हे महत्त्वाचं. दर ग्रॅम अन्नात निदान ०.८ कॅलरी हव्यात.

आजींची खिचडी मी त्यांच्याकडून शब्दशः लिहून घेतली. एक मोठा चमचा तांदूळ, म्हणजे १५ ग्रॅम. चहाचा एक चमचा मूगडाळ, ५ ग्रॅम. दोन पेले पाणी, म्हणजे ४०० मिलिलिटर. हळद, मीठ, तीन शिट्ट्या, मग गाळणी. वीस ग्रॅम धान्याच्या सगळ्या मिळून सत्तरेक कॅलरी ४०० मिलिलिटर पाण्यात पसरलेल्या. त्यातलं दीडशे मिलिलिटर मुलगी प्यायली तर, काहीच गाळलं नाही असं धरूनही, तिच्या पोटात २६ कॅलरी गेल्या. दिवसातून दोनदा दिलं तर पन्नास. गाळणीवर जे उरत होतं ते अन्न होतं, आणि ते आजी गाईला घालत होत्या. पोट मात्र भरलेलं, म्हणून मुलगी अंगावरही कमी ओढत होती. आईच्या दुधात १०० मिलिलिटरला ६५ कॅलरीच्या आसपास असतात. या खिचडीने दुपटीहून पौष्टिक असलेलं दूध बाजूला सारून ती जागा पाण्याने भरली.

वरणाचं पाणी, भाताची निवळ, डाळीचं वरचं पाणी, या सगळ्यांचं गणित हेच आहे. डाळीतलं सत्त्व पाण्यात उतरतं ही समजूत इतकी खोल रुजलेली आहे की शिकलेल्या घरांतही सहाव्या महिन्यात पहिला चमचा निवळीचाच असतो. खरं तर प्रथिनं आणि पिष्ट डाळीच्या दाण्यात राहतात. वरच्या पाण्यात थोडे क्षार येतात, रंग येतो आणि मिठाची चव येते. आणि मिठाची तर वर्षभर गरजच नाही.

आता बाटलीतल्या पावडरीकडे या. या डब्यांवर साधारणपणे ५० ग्रॅम पावडर दीडशे मिलिलिटर कोमट पाण्यात कालवायला सांगितलेलं असतं. तसं केलं तर वाटीत दोनशेच्या आसपास कॅलरी येतात. आईच्या हिशोबाने डबा महिनाभर पुरायचा म्हणजे रोज १० ग्रॅम, चाळीसेक कॅलरी. डब्यावर लिहिलेल्या लोहाचा आणि जीवनसत्त्वांचाही पाचवा हिस्साच. कंपनीने डब्यावर जे छापलंय ते मुलीच्या पोटात कधी गेलंच नव्हतं. महाग वस्तू पुरवून पुरवून वापरली जाते, हे ज्याने घर चालवलंय त्याला माहीत आहे. डब्याच्या पौष्टिकतेची चर्चा करताना ही गोष्ट कुणी धरत नाही.

मग दोघींसमोर मी खिचडी मांडली. तांदूळ दोन मोठे चमचे, पण सपाट, म्हणजे २४ ग्रॅम. मूगडाळ एक सपाट चमचा, १२ ग्रॅम. किसलेलं गाजर किंवा लाल भोपळा मूठभर, २० ग्रॅम. पाणी धान्याच्या साडेचारपट, जेमतेम एक लहान पेला. कुकरमध्ये वाटी ठेवून पाच-सहा शिट्ट्या. बाहेर काढून पळीने किंवा चमच्याच्या पाठीने मोडायची, मिक्सर नको, गाळणी तर नकोच. वरून चहाचा एक चमचा साजूक तूप. मीठ नाही. सगळं मिळून दोनशे ग्रॅमच्या आसपास होतं आणि त्यात पावणेदोनशे कॅलरी असतात. त्यातल्या ४५ एकट्या तुपाच्या. सकाळी निम्मी, संध्याकाळी निम्मी आणि मधे कुस्करलेलं अर्धं केळं, की दोनशेचा आकडा पार होतो. संध्याकाळची मात्र ताजी शिजवावी, किंवा फ्रिजमध्ये ठेवलेली वाफ येईपर्यंत गरम करावी. शिजलेला भात दोन तासांहून जास्त वेळ उघड्यावर राहिला की त्यात जंतू वाढतात.

घट्टपणा तपासायला वजनकाटा लागत नाही. चमच्यात घेऊन चमचा तिरका करायचा. खिचडी चमच्यावरच बसून राहिली किंवा गोळ्याने घरंगळली तर ठीक. धारेने ओघळली तर पातळ आहे. घशात अडकण्याची आजींची भीती मी हसण्यावारी नेली नाही, कारण ती खरी भीती आहे. पण घशात अडकतात ते अख्खे शेंगदाणे, द्राक्षं, कच्च्या गाजराचे तुकडे. मऊ शिजलेला, मोडलेला गोळा बाळ जिभेने टाळूवर दाबून खाली ढकलतं. सुरुवातीला तोंड वेडंवाकडं करतं, थोडं उबळल्यासारखं करतं, बाहेरही ढकलतं. ते शिकणं आहे.

आणि ते शिकायची एक वेळ असते. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल भागातल्या हजारो मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झालेला आहे. त्यात असं दिसलं की ज्यांना गुठळ्या असलेलं अन्न नऊ महिन्यांनंतर पहिल्यांदा मिळालं, ती मुलं सात वर्षांची झाल्यावरही खाण्यात जास्त खोडी काढत होती, फळं-भाज्या कमी खात होती. डब्यातली पावडर कालवली की तिचा सुळसुळीत, एकसारखा लगदा होतो. बाटलीबंद प्युरीचंही तेच. दहा महिन्यांचं मूल लगद्यावरच राहिलं तर त्याला चावायचं कारणच मिळत नाही. अर्थात मिक्सरमधून गंध केलेली घरची खिचडी याच दोषाची धनी आहे.

बाटल्यांतल्या आणि पिळून खायच्या पिशव्यांतल्या प्युरींबद्दल थोडंच सांगते, कारण आपल्याकडे त्या अजून मोठ्या शहरांच्या मॉलमध्ये आणि ऑनलाइनच जास्त खपतात. २०१३ साली ग्लासगो विद्यापीठातल्या अभ्यासकांनी ब्रिटनमधल्या तयार बाळखाद्यांची तपासणी केली. १०० ग्रॅम तयार अन्नातून जेवढी ऊर्जा आणि प्रथिनं मिळतात, तेवढी घरच्या तशाच मऊ अन्नाच्या ५० ग्रॅममधून मिळतात, असं त्यांना आढळलं. म्हणजे सुंदर झाकणाच्या बाटलीतही शेवटी आजींचंच पाणी. शिवाय बहुतेक मेळ सफरचंद, नासपती, केळं असे गोड. पालक नावापुरता, चव सफरचंदाची. प्रवासात एखादी वापरली तर काही बिघडत नाही. रोजचं जेवण म्हणून ती निकामी आहे.

आता त्या गोष्टीकडे येते, जी खिचडीच्या बाजूच्या लोकांना ऐकायला आवडत नाही. लोह.

पूर्ण दिवस भरून जन्मलेलं बाळ आईच्या पोटातून लोहाचा साठा घेऊन येतं. तो सहा महिन्यांच्या सुमारास संपत येतो. आईच्या दुधातलं लोह चांगलं शोषलं जातं, पण असतं अगदी कमी, लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षाही कमी. त्याच वेळी बाळाचं रक्त वाढत असतं, मेंदू वाढत असतो. या वयात रोज पाऊण मिलिग्रॅमच्या आसपास लोह प्रत्यक्ष रक्तात जायला हवं. माझ्या वर सांगितलेल्या चांगल्या, घट्ट खिचडीत किती लोह आहे? २४ ग्रॅम तांदळात जवळजवळ नाहीच, १२ ग्रॅम डाळीत अर्धा मिलिग्रॅम. सगळं मिळून पाऊण मिलिग्रॅमही भरत नाही. आणि डाळीत फायटेट नावाचा लोह धरून ठेवणारा घटक असतो, त्यामुळे त्यातला जेमतेम दहावा हिस्सा, कधी त्याहूनही कमी, शोषला जातो. म्हणजे गरज पाऊणची आणि मिळतं ०.०५ किंवा त्याच्या आसपास. खिचडी दुप्पट करून ही दरी भरत नाही. पालक घालूनही भरत नाही. पालकातलं लोह कागदावर बरं दिसतं, शरीरात फार कमी उतरतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ या काळात, देशातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या ६७ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात हे प्रमाण ६९ टक्क्यांच्या जवळ होतं. आधीच्या फेरीत देशाचा आकडा ५९ च्या आत होता. ही बहुतेक मुलं वरण-भात, खिचडी, पेज खाणाऱ्या घरांतलीच आहेत. "आमची सहा पोरं खिचडीवर वाढली" हे वाक्य मी जेव्हा ऐकते, तेव्हा मला विचारावंसं वाटतं की त्या सहा जणांचं हिमोग्लोबिन कुणी कधी पाहिलं होतं का. विचारत नाही, कारण त्या आजीने स्वतः उपाशी राहून त्यांना भरवलेलं असतं.

डब्यातल्या पावडरीत लोह बाहेरून मिसळलेलं असतं, सोबत ते शोषायला मदत करणारं क जीवनसत्त्वही. पूर्ण मापाने दिली तर एका वाटीत खिचडीच्या कितीतरी पट लोह मिळतं. हा डब्याचा खरा, वजनदार मुद्दा आहे. त्याला "नैसर्गिक ते चांगलं" असं उत्तर देणं हे उत्तर नव्हे. उत्तर द्यायचं तर लोह दुसरीकडून आणून दाखवावं लागेल.

ते आणता येतं. मांसाहारी घरांत सगळ्यात सोपं. आपल्याकडे रविवारी कोंबडी शिजते, मोठ्यांच्या ताटात फोडी जातात आणि बाळाच्या भातावर रस्सा घालतात. रश्श्यात तिखट, मीठ, तेल. लोह फोडीत आणि काळजात. कोंबडीच्या काळजाचा पंधरा ग्रॅमचा लहान तुकडा, नीट शिजवून, कुस्करून भातात कालवला तर त्यातून दीड मिलिग्रॅमच्या आसपास लोह मिळतं, आणि ते डाळीतल्या लोहापेक्षा कितीतरी सहज शोषलं जातं. काळजात अ जीवनसत्त्व फार असतं, म्हणून ते आठवड्यातून एकदाच. एरवी खिमा, मासळीचा काटे काढलेला तुकडा. शाकाहारी घरांत वाट लांबची आहे. डाळ भिजवून मगच शिजवायची, वाढताना वरून लिंबाचे दोन-चार थेंब पिळायचे, आणि चहा पूर्ण बंद. चहात बुडवलेलं बिस्किट हे माझ्या मते महाराष्ट्रातलं सगळ्यात जास्त खपणारं बाळखाद्य आहे. त्यात साखर आहे, मैदा आहे, आणि चहातलं टॅनिन जेवणातलं उरलंसुरलं लोह अडवून ठेवतं. डब्यावर तुटून पडणारी माणसं या पाच रुपयांच्या पुड्याला घरचंच समजतात.

एवढं करूनही शाकाहारी बाळाचं लोह फक्त अन्नातून भागेल असं मी म्हणणार नाही. म्हणून सिरप. 'अ‍ॅनिमिया मुक्त भारत' कार्यक्रमात सहा महिने ते पाच वर्षांच्या प्रत्येक मुलाला आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर लोह-फॉलिक आम्लाचं सिरप फुकट मिळायला हवं. एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम लोह. आशाताईंनी ते घरी पोचवायचं असतं. २०१८ पासून बाळ तीन, सहा, नऊ, बारा आणि पंधरा महिन्यांचं असताना त्यांनी घरभेटी द्यायच्या अशी योजनाच आहे. खिचडी आणि हे सिरप, ही जोडी डब्याला खरी टक्कर देते. सिरपशिवाय खिचडी लोहाच्या बाबतीत हरते, आणि हे आपण आयांना स्पष्ट सांगितलं पाहिजे.

मग लोह मिळतंय तर डबाच का नको? साखरेमुळे. २०२४ च्या एप्रिलमध्ये स्वित्झर्लंडच्या 'पब्लिक आय' या संस्थेने आणि स्तनपानासाठी काम करणाऱ्या 'इबफॅन' या जाळ्याने एक अहवाल काढला. नेस्लेच्या सेरेलॅकचे भारतात विकले जाणारे प्रकार त्यांनी तपासले, तेव्हा एका वाटीमागे सरासरी २.७ ग्रॅम वरून घातलेली साखर निघाली. त्याच कंपनीच्या जर्मनी आणि ब्रिटनमधल्या सहा महिन्यांच्या बाळांच्या गव्हाच्या सिरीयलमध्ये वरची साखर शून्य. कंपनीने आपण पाच वर्षांत साखर ३० टक्क्यांपर्यंत कमी केल्याचं सांगितलं आणि पुढे बिनसाखरेचे प्रकारही आणले. ते चांगलं झालं. पण माझी तक्रार एका कंपनीबद्दल नाही, कारण तिने कायदा मोडलेला नव्हता.

कायद्यातच दार उघडं आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या बाळखाद्यांच्या २०२० च्या नियमांत म्हटलंय की सुक्रोज किंवा फ्रुक्टोज घालू नये, पण कर्बोदकाचा स्रोत म्हणून गरज असेल तर घालावं, मात्र एकूण कर्बोदकांच्या २० टक्क्यांवर जाऊ नये. याचा अर्थ वाटीत काय होतो ते पाहा. समजा १०० ग्रॅम पावडरीत ६८ ग्रॅम कर्बोदकं आहेत. त्याचे २० टक्के म्हणजे साडेतेरा ग्रॅम. ५० ग्रॅमच्या वाटीत पावणेसात ग्रॅम, चहाचा दीड चमचा साखर. सात महिन्यांच्या बाळाला, एका जेवणात, कायदेशीर. आणि जिथे तांदूळ, गहू, दुधाची पावडर आधीच आहे, तिथे कर्बोदकाचा स्रोत म्हणून साखरेची गरज कशी पडते, हे मला कळलेलं नाही. ती गोडीसाठी असते. गोडीला सरावलेलं बाळ मग बिनमिठाची, बिनसाखरेची खिचडी थुंकतं, आणि आई म्हणते, याला घरचं आवडतच नाही.

गंमत अशी की जाहिरातीच्या बाबतीत आपला कायदा जगातल्या कडक कायद्यांपैकी आहे. १९९२ च्या आणि २००३ मध्ये सुधारलेल्या कायद्याने दोन वर्षांखालच्या बाळांच्या खाद्यांची जाहिरात करायला, मोफत नमुने वाटायला, डब्यावर बाळाचं चित्र छापायलाही बंदी आहे. डब्याच्या बाहेर काय असू नये यावर आपण इतका विचार केला. डब्याच्या आतल्या साखरेसाठी मात्र वीस टक्के जागा ठेवली. दोन वर्षांखालच्या कुठल्याही खाद्यात वरून घातलेली साखर शून्य, एवढी एक ओळ त्या नियमात बदलली पाहिजे. युरोपातल्या बाळांसाठी तीच पावडर बिनसाखरेची बनवता येते, तर ते अशक्य आहे असं कुणी सांगू नये.

आयांना दोष देऊन हा विषय संपवणारे लेख मी खूप वाचले आहेत. माझ्यासमोर बसलेली ती आई कपड्यांच्या दुकानात उभी राहून काम करते. तिला पगारी रजा मिळालीच नव्हती. ज्यांना २०१७ च्या सुधारणेनंतर २६ आठवड्यांची रजा मिळते, त्यांचीही आठ आठवड्यांपर्यंत बाळंतपणाआधीच खर्च होऊ शकते. म्हणजे बाळ सहा महिन्यांचं होऊन दिवसातून दोन-तीनदा ताजं, मऊ शिजवून, बसून भरवायची वेळ येते, नेमकी तेव्हाच आई कामावर परतलेली असते. डबा विकला जातो तो या पोकळीत. त्यामुळे अशा आईला मी डबा टाकून द्या असं सांगत नाही. डबा वापरायचाच असेल तर मागची घटकांची यादी वाचा, साखर, सुक्रोज, माल्टोडेक्स्ट्रिन कितव्या क्रमांकावर आहे पाहा, बिनसाखरेचा घ्या, मापाने कालवा, चमच्याने द्या, आणि दिवसातून एकदाच, असं सांगते. बाकी दोन वेळा घरचं, आजीच्या हातचं.

हल्ली तिसरा एक पर्याय जोरात आहे, फोनवरून ऑर्डर घेऊन घरगुती विकलं जाणारं 'सत्त्व' आणि सुक्या मेव्याच्या पावडरी. यात एक फरक जाणून घ्यावा. नाचणी भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून, खाली बसलेला साका वाळवला तर हातात येतं ते बहुतांशी नुसतं पिष्ट. दिसायला गोरं, पचायला हलकं, पण नाचणीचं कॅल्शियम, लोह बरंचसं चोथ्यात गेलं. नाचणीला मोड आणून, सावलीत वाळवून, न गाळता दळलं तर गोष्ट वेगळी. मोडांमध्ये अमायलेज नावाचं विकर तयार होतं, जे पिष्ट तोडतं. घट्ट शिजवलेल्या गरम खिरीत हे पीठ चिमूटभर टाकून ढवळलं तर खीर पाणी न घालता सैल होते. बडोद्याच्या विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर १९८० च्या दशकात मोठं काम केलं आहे. बाळाला घट्ट गिळवत नाही आणि पातळ पुरत नाही, या पेचाची ही फार सुंदर सुटका आहे. फक्त ते पीठ खमंग भाजायचं नाही, कारण भाजलं की विकर मरतं. खीर सैल झाली की एक उकळी मात्र आणायची. बाजारातली बहुतेक नाचणीची पिठं छान खरपूस भाजलेली असतात, म्हणून चवीला चांगली आणि या कामाला कुचकामी.

त्या मुलीकडे परत येते. डॉक्टरांनी रक्तक्षयासाठी रोजच्या मापाने लोहाचं सिरप सुरू केलं. बाटली बंद झाली. आजींनी गाळणी ओट्यावरून फडताळात टाकली, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. पहिले आठ दिवस मुलीने निम्मं थुंकलं, आजी घाबरल्या, आईचा फोन आला, पण दोघींनी पाणी वाढवलं नाही. दहाव्या महिन्यात वजन ७.९ किलो झालं, हिमोग्लोबिन १०.८. आई संध्याकाळी उशिरा घरी येते, तेव्हाच्या एका वेळेला बिनसाखरेची पावडर असते, मापाने कालवलेली. त्यावर आजींनी आता हरकत घेतलेली नाही.

आजारासाठीचं सिरप संपल्यावर आठवड्यातून दोनदाचं सरकारी सिरप चालू ठेवायचं होतं. आशाताईंनी सांगितलं, केंद्रावर साठा नाही, पुढच्या महिन्यात या. पुढच्या महिन्यातही नव्हता. आजी दोन्ही वेळा रिक्षाचे पैसे खर्चून गेल्या आणि रिकाम्या हाताने आल्या. खिचडी घट्ट करणं त्यांच्या हातात होतं, ते त्यांनी एका आठवड्यात केलं.